नाना परत कधी येणार?

घरात आजी किंवा आजोबा वारले की मोठी माणसं कामाला लागतात. डॉक्टरांचा दाखला आणायचा असतो, नातेवाइकांना फोन करायचे असतात, कुणीतरी सामान आणायला धावतं, कुणी गुरुजींना निरोप देतं. या गडबडीत चार-पाच वर्षांच्या मुलाला बहुधा शेजारच्या घरी टीव्हीसमोर बसवलेलं असतं. त्याला काय सांगायचं हे कुणी ठरवलेलं नसतं, म्हणून जो तो आपल्या परीने सांगतो. शेजारच्या काकू म्हणतात आजोबा देवाघरी गेले, आत्या म्हणते झोपलेत, काका म्हणतात गावाला गेलेत. मुलापाशी संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळी उत्तरं जमा होतात. तिन्ही उत्तरांत एक समान धागा असतो. गेलेला माणूस परत येऊ शकतो आणि झोपलेला उठू शकतो.

नीट सांगायचं काम शेवटी आई किंवा बाबांवर येतं, आणि त्यांनी तर त्याच सकाळी स्वतःचे आई किंवा वडील गमावलेले असतात. ज्या तोंडून हुंदका आवरत नाही त्याच तोंडून मुलासाठी सोपं, खरं वाक्य काढायचं असतं. ते वाक्य कोणतं असावं आणि पुढच्या दिवसांत ते कसं पुरवावं, हे आधीच ठाऊक असेल तर त्या सकाळी थोडा आधार मिळतो.

चार-पाच वर्षांच्या मुलाला मरण किती कळतं?

मारिया नागी या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी मरणाविषयी बोलून, त्यांच्याकडून चित्रं काढून घेऊन केलेला अभ्यास १९४८मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आतली मुलं मरणाकडे बहुधा लांबचा प्रवास किंवा गाढ झोप म्हणून पाहत होती. मेलेला माणूस दुसरीकडे कुठेतरी राहतो, थोडं खातो-पितो, जरा कमी हालचाल करतो, अशी त्यांची कल्पना होती. पुढे अनेक देशांत असे अभ्यास झाले. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट यांनी १९८४मध्ये त्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा असं दिसलं की मरण कळणं ही एकच गोष्ट नसते, त्यात वेगवेगळे तुकडे असतात. मेलेला परत येत नाही हा एक तुकडा. मेल्यावर शरीराची सगळी कामं थांबतात हा दुसरा. प्रत्येक जिवंत प्राणी कधीतरी मरतो हा तिसरा. बहुतेक मुलांना हे तिन्ही पाच ते सात या वयात उमगतात. मरण कशामुळे येतं हे कळणं हा चौथा तुकडा पुढच्या अभ्यासकांनी त्यात धरला.

म्हणजे साडेचार वर्षांच्या मुलीला ‘नाना आता कधीच येणार नाहीत’ असं सांगितलं आणि तिने मान डोलावली, तरी तिला ते पूर्ण कळलेलं नसतं. संध्याकाळी ती पुन्हा विचारते, ‘मग माझ्या वाढदिवसाला येतील ना?’ तिने ऐकलं नाही किंवा तिला वेड लागलं असं मुळीच नाही. एकेक तुकडा बसायला तिला तेच उत्तर पुन्हा पुन्हा लागतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आपण मुलांना ज्या गोष्टी सांगतो त्यांत मेलेली माणसं परत येतात. गणपतीचं डोकं उडवलं तरी हत्तीचं डोकं लावून तो उठून बसला. वटपौर्णिमेला आई वडाला दोरा गुंडाळते तेव्हा सावित्रीने यमाकडून सत्यवानाला परत आणल्याची गोष्ट सांगते. कार्टूनमधलं मांजर तर कड्यावरून पडून पुढच्या क्षणी पळायला लागतं. या गोष्टी सांगायच्या बंद कराव्यात असं अजिबात नाही. पण ‘मग तू नानांना का नाही आणलंस?’ हा प्रश्न येऊ शकतो हे धरून चालावं. ‘ती गोष्ट आहे, राणी. खरंच मेलेल्या माणसाला कुणीच परत आणू शकत नाही. मला आणता आलं असतं तर मी नक्की आणलं असतं,’ एवढं उत्तर पुरतं.

एका घरातली सकाळ

माझ्या एका मैत्रिणीच्या घरातला प्रसंग तिच्या परवानगीने सांगते. तिचे वडील त्याच इमारतीत दोन मजले खाली राहायचे. नातीला रोज स्कूलबसपर्यंत सोडायचे, संध्याकाळी डाळिंब सोलून वाटीत दाणे काढून ठेवायचे. रात्री तीनला त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि रुग्णालयात पहाटे ते गेले. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. ती उठली तेव्हा घरात माणसं जमायला लागली होती आणि एका नातेवाईक बाईंनी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं की नाना देवबाप्पाच्या गावाला गेले. मुलगी दारातल्या चपलांच्या रॅककडे गेली आणि परत येऊन म्हणाली, ‘पण त्यांच्या चपला इथेच आहेत.’

या वयाचं मूल असा अगदी सरळ, शब्दाला धरून विचार करतं. गावाला जाणारा माणूस चपला घालतो, पिशवी घेतो, जाताना गालाची पापी घेतो. यातलं काहीच झालेलं नाही, म्हणजे नाना आपल्याला न सांगताच निघून गेले, असा अर्थ तिने काढला असता. आणि बाबा पुढच्या महिन्यात खरोखरच कामासाठी दुसऱ्या गावी निघाले असते तेव्हा तिने दाराशी आकांत मांडला असता.

मैत्रीण रुग्णालयातून आली तेव्हा तिला धड उभंही राहवत नव्हतं. तिचा नवरा म्हणाला, मी सांगतो, तू फक्त जवळ बस. तिघं आतल्या खोलीत पलंगावर बसली, दार लावलं. त्याने सांगितलं ते साधारण असं होतं.

‘आज खूप वाईट झालंय. नाना मेले. त्यांचं हृदय रात्री खूप आजारी झालं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते बंद पडलं. मेले म्हणजे त्यांचं शरीर आता काम करत नाही. ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही. मेलेला माणूस परत येत नाही. आईला खूप रडू येतंय, कारण नाना तिचे बाबा होते. तुलाही रडू येईल. नाही आलं तरी चालेल.’

यात काय आहे आणि काय नाही हे बघण्यासारखं आहे. ‘मेले’ हा शब्द वडीलधाऱ्यांसाठी वापरायला आपली जीभ धजत नाही, आणि चारचौघांत तो वापरावा असं कुणी म्हणणार नाही. पण ‘वारले’ मुलाला माहीत नसतो आणि ‘गेले’ त्याला फार वेगळ्या अर्थाने माहीत असतो. मुंगी मेली, डास मेला, हे मात्र त्याने पाहिलेलं असतं. म्हणून ‘नाना वारले, वारले म्हणजे मेले’ असं एकदा जोडून दिलं की पुढे घरात ‘वारले’ म्हटलं तरी मुलाला अर्थ लागतो. ‘आजारी होते’ एवढंच म्हणून थांबायचं नाही, नाहीतर पुढच्या सर्दीला मूल घाबरतं. ‘तुला मला होतो तसा ताप नव्हता, हृदयाचा खूप मोठा आजार होता’ असा फरक करून सांगायचा. ‘म्हातारे झाले म्हणून मेले’ असं म्हटलं तर मूल आजीच्या आणि आईच्याही डोक्यातले पांढरे केस मोजायला लागतं. ‘झोपले’ म्हटलं तर त्या रात्रीपासून झोपेचीच भीती बसते. उपमाही जपून द्याव्यात. घड्याळाची बॅटरी संपते तसं झालं, असं सांगणाऱ्या एका वडिलांना मुलाने लगेच सांगितलं होतं, ‘मग नवीन घाला!’

हीच निवड लहान मुलांच्या एका गाजलेल्या अमेरिकी कार्यक्रमाला करावी लागली होती. ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२मध्ये वारले. त्या पात्राचं काय करायचं हा प्रश्न होता. दुसरा नट घेणं किंवा हूपर दुसऱ्या गावी राहायला गेले असं दाखवणं सोपं होतं. निर्मात्यांनी तज्ज्ञांशी बोलून ठरवलं की ते मेले असंच सांगायचं. बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी, जो मनाने लहान मूलच आहे, तो हूपर परत येतील तेव्हा त्यांना चित्र देईन म्हणतो, आणि मोठी माणसं रडवेल्या चेहऱ्याने त्याला सांगतात की मेलेली माणसं परत येत नाहीत. हा भाग २४ नोव्हेंबर १९८३ला, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम दाखवला, म्हणजे मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला आई-वडील घरी असतील.

आधी शरीराचं, मग श्रद्धेचं

मग देवाघरी गेले असं म्हणायचंच नाही का? आपल्या घरातली श्रद्धा मुलाला द्यायची नाही का? हा प्रश्न रास्त आहे, आणि माझं म्हणणं इथेच येऊन ठरतं. श्रद्धेचं वाक्य जरूर सांगावं, पण शरीराचं वाक्य मुलाच्या मनात बसल्यावर. शरीर बंद पडलं आणि ते परत सुरू होत नाही, हे आधी. त्यानंतर ‘आपल्या घरात असं मानतात की नानांचा आत्मा देवाजवळ आहे’ असं म्हटलं तर मुलाचा गोंधळ होत नाही. ‘मानतात’ हा शब्द इथे फार उपयोगी पडतो. पाहिलेल्या आणि मानलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवायला तो मुलाला मदत करतो. ‘देवाला आवडले म्हणून त्याने नेलं’ हे मात्र टाळलेलं बरं. देव आवडत्या माणसांना उचलून नेतो असा त्याचा अर्थ होतो, आणि चांगलं वागायचीच भीती वाटायला लागते.

हा क्रम सगळ्या विधींना लावता येतो. मुलाला अंत्यदर्शनाला आणावं की नाही, यावर घरोघरी वाद होतात. सक्ती दोन्हीकडची नको. साडेचार वर्षांच्या मुलालाही विचारता येतं, पण विचारण्याआधी तिथे काय दिसेल ते सांगावं लागतं. ‘हॉलमध्ये नानांना जमिनीवर ठेवलंय. त्यांच्या नाकात कापूस आहे, अंगावर फुलं आहेत. डोळे मिटलेले आहेत, पण ते झोपलेले नाहीत. हात लावलास तर गार लागेल. माणसं मोठमोठ्याने रडतायत. तुला यायचंय का?’ मूल हो म्हणालं तर फक्त त्याच्यासाठी एक मोठं माणूस हवं, जे स्वतः त्या क्षणी कोसळणार नाही आणि मुलाने ‘चला’ म्हटलं की लगेच बाहेर नेईल. पाया पड, पापी घे, अशी जबरदस्ती करू नये. नाही म्हणालं तर ते फूल कुणाच्या तरी हाती पाठवू शकतं.

अग्नीविषयी मूल विचारेपर्यंत थांबलं तरी चालतं. पण विचारलं तर खोटं सांगू नये, कारण शाळेत कुणीतरी मोठा मुलगा सांगणारच. ‘स्मशानात मेलेलं शरीर जाळतात. शरीराला आता काहीच कळत नाही, म्हणून चटका बसत नाही.’ चटका बसत नाही हे पटायला ‘दुखत नाही, थंडी वाजत नाही’ हे आधी रुजलेलं असावं लागतं. ख्रिस्ती आणि मुसलमान घरांत हाच प्रश्न मातीखाली श्वास कसा घेणार, अंधाराची भीती नाही का वाटणार, असा येतो आणि त्यालाही शरीराचंच उत्तर लागू पडतं.

मैत्रिणीच्या घरी दहाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा मुलीने विचारलं, ‘नानांना भूक लागत नाही ना? मग हा भात कुणाला?’ मोठ्यांना हा प्रश्न उद्धट वाटू शकतो. खरं तर पहिल्या दिवशी सांगितलेलं तिच्या डोक्यात नीट बसल्याची ती खूण होती. आई म्हणाली, ‘नानांच्या शरीराला भूक नाही. आपल्याला त्यांची आठवण येते, म्हणून आपण त्यांच्यासाठी करतो. आपल्याकडे तसं करायची पद्धत आहे.’ मुलीने स्वतःच्या वाटीतले डाळिंबाचे चार दाणे आणून दिले. विधींचा हा मोठा उपयोग आहे. मुलाच्या हाताला काहीतरी काम मिळतं. नाना जिथे झोपायचे तिथल्या दिव्यात मोठ्यांच्या मदतीने तेल घालणं, फोटोसाठी हार निवडणं, बौद्ध घरात पुण्यानुमोदनाच्या वेळी फुलं वाहणं, यातलं कोणतंही काम चालतं.

कावळा आणि कट्टी

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवायला बराच वेळ लागला. मुलगी घरीच होती, पण परत आलेल्या माणसांचं बोलणं तिच्या कानावर पडलं. ‘नातीत जीव अडकला असेल,’ असं कुणीतरी म्हणालं. म्हणणाऱ्याच्या मनात माया होती. त्या दिवसापासून मुलगी एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. खेळणी उचलून ठेवायची, न सांगता दूध प्यायची, हट्ट करायचाच नाही. मावशी म्हणाली, किती समजूतदार झाली पोर. आईला मात्र ते खटकलं.

रात्री अंथरुणात तिने विचारलं, ‘नानांबद्दल तुला काही वाईट वाटतंय का? काही मुलांना वाटतं की आपल्यामुळेच असं झालं. तुला वाटतं का तसं?’ थोड्या वेळाने उशीत तोंड खुपसून मुलगी म्हणाली, ‘मी नानांशी कट्टी केली होती.’ आदल्या संध्याकाळी नानांनी मोबाईल दिला नाही म्हणून ती ‘कट्टी, कट्टी, पुन्हा बोलणार नाही’ म्हणाली होती. पहाटे नाना मेले. मग कावळाही आला नाही. तिच्या हिशेबात सगळं जुळत होतं.

या वयात मुलाला आपल्या मनातल्या विचारांत आणि बोलण्यात बाहेरच्या गोष्टी घडवायची ताकद आहे असं वाटतं. मी रागावले म्हणून असं झालं, असं ते सहज धरून बसतं आणि कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर सगळे रागावतील. म्हणून मुलाने विचारायची वाट न बघता मोठ्यांनीच हा विषय काढावा. ‘काही मुलांना असं वाटतं’ ही सुरुवात फार कामाची आहे. त्यात आरोप नसतो आणि एकटेपणाही नसतो. मिळालेल्या कबुलीवर ‘वेडी का तू’ म्हणून हसू नये. आईने उत्तर दिलं, ‘कट्टी म्हटल्याने कुणी मरत नाही. रागावल्याने नाही, मनात वाईट आल्यानेही नाही. नानांच्या हृदयाचा आजार आधीपासून होता. तू कट्टी म्हणालीस तरी त्यांना ठाऊक होतं की तू सकाळी बट्टी करतेस. आणि कावळा त्याला भूक लागते तेव्हा येतो.’ हे तिने त्या आठवड्यात तीन-चारदा वेगवेगळ्या निमित्ताने सांगितलं. घरातल्या मोठ्यांनाही विनंती केली की जीव अडकल्याचं बोलणं मुलीसमोर नको.

आईचं रडणं

या मैत्रिणीने पहिले काही दिवस मुलीसमोर अश्रू दाखवायचे नाहीत असं ठरवलं होतं. रडू आलं की ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. बाहेर आली की मुलगी दाराशी उभी असायची आणि विचारायची, ‘तू माझ्यावर रागावलीस?’ मुलाला सुजलेले डोळे दिसतात, बदललेला आवाज ऐकू येतो. कारण कुणी सांगत नाही, म्हणून कारण आपणच असं ते ठरवतं. शिवाय नानांविषयी रडायचं असेल तर दार लावून, हेही ते शिकतं.

त्यावर उपाय साधा आहे. रडू आलं तर येऊ द्यावं आणि कारण सांगावं. ‘मला नानांची आठवण आली, म्हणून रडतेय. तुझ्यामुळे नाही. थोड्या वेळाने मला बरं वाटेल आणि मग आपण जेवू.’ यात तीन गोष्टी मुलाला मिळतात. रडण्याचं कारण कळतं, दोष आपला नाही हे कळतं, आणि आई सावरणार आहे हे कळतं. तिसरी गोष्ट खरी ठरवणं महत्त्वाचं. रडून झाल्यावर ताट खरोखर वाढलं गेलं पाहिजे, आईने नाही तर मावशीने. एक मर्यादाही आहे. जमिनीवर लोळून, छाती बडवून होणारा आकांत लहान मुलाला पेलत नाही. मुलाला मिठी मारून ‘आता माझं कोण आहे गं’ असं म्हणू नये. मग मूल आईला सांभाळायला लागतं आणि स्वतःचं दुःख बाजूला ठेवतं.

त्या मोठ्या आकांतालाही जागा हवीच. मैत्रिणीची नणंद रोज संध्याकाळी मुलीला बागेत न्यायची. तो तास मैत्रिणीचा होता. ती खाली वडिलांच्या घरी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसायची आणि मनसोक्त रडायची. संशोधक मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९मध्ये शोकाविषयी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे. शोक करणारं माणूस दोन कामांमध्ये ये-जा करतं. कधी ते गमावल्याच्या दुःखात असतं, कधी बँकेची कामं, स्वयंपाक, मुलाचा डबा यांत गुंततं. दुसऱ्या कामात गेल्याने पहिलं दुःख खोटं ठरत नाही आणि मुलासोबत हसल्याने वडिलांशी प्रतारणा होत नाही. ही ये-जा थांबली, माणूस एकाच बाजूला अडकलं, की त्रास वाढतो.

मुलांची ये-जा तर फारच वेगाने होते. दोन मिनिटं हुंदके देऊन रडलेली मुलगी तिसऱ्या मिनिटाला बिस्किट मागते, आणि आजी दुखावून म्हणते, हिला काहीच वाटत नाही. तिला वाटतं, पण इतकं मोठं दुःख ती एका वेळी घोटभरच घेऊ शकते. खेळात बाहुली मरते, बाहुलीला फुलं वाहिली जातात, मग बाहुली उठून शाळेत जाते. हा खेळ अशुभ म्हणून बंद करू नये. जे कळलं नाही ते मूल खेळून समजून घेत असतं.

कधी कधी आईला त्या क्षणी उत्तर देणं शक्यच नसतं. तेव्हा ‘आत्ता मला बोलता येत नाहीये, रात्री झोपताना सांगते’ असं म्हणावं आणि रात्री आठवणीने सांगावं. ‘तू पण मरणार?’ हा प्रश्न तर हमखास येतो, बहुधा अगदी थकलेल्या वेळी. ‘मी कधीच मरणार नाही’ हे खोटं आहे आणि ‘सगळेच मरतात’ एवढंच सांगणं फार क्रूर. ‘सगळी माणसं कधीतरी मरतात. बहुतेक माणसं खूप खूप वर्षं जगतात. मी आत्ता बरी आहे, औषधं घेते, काळजी घेते. आणि तुझ्याजवळ नेहमी कुणीतरी असेल, बाबा आहेत, मावशी आहे, आत्या आहे.’ मुलाच्या प्रश्नामागे खरा प्रश्न असतो की मग मला कोण सांभाळणार. म्हणून नावं घेऊन उत्तर द्यावं.

कधी मदत घ्यावी

पहिले काही आठवडे मुलाने पुन्हा अंथरूण ओलं करणं, अंगठा चोखणं, आईला न सोडणं, पोट दुखतं म्हणून शाळेला नाही म्हणणं, हे नेहमीचं आहे. शाळेत पाठवण्याआधी बाईंना घरी काय घडलं आणि आपण मुलाला कोणत्या शब्दांत सांगितलं ते कळवावं, म्हणजे तिथेही तेच शब्द वापरले जातील. जेवण, झोप, शाळेच्या वेळा लवकरात लवकर पूर्ववत कराव्यात. नाना सोडायचे ती स्कूलबस आता कोण गाठून देणार, हे मुलाला आदल्या रात्री सांगावं.

पण काही महिने उलटले तरी मूल खेळत नाही, नीट जेवत-झोपत नाही, स्वतःला दोष देणं थांबत नाही, किंवा मला मरून नानांकडे जायचंय असं पुन्हा पुन्हा म्हणतं, तर बालमानसतज्ज्ञांकडे जावं. मरायचं बोलणं बहुधा भेटायची ओढ असते, तरी ते ऐकून सोडून देऊ नये. आईचं किंवा बाबांचंही तसंच. अंथरुणातून उठवत नसेल, मुलाकडे बघवत नसेल, तर ‘दिवस झाले, आता सावरायला हवं’ या बोलण्याने काही होत नाही. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

मैत्रिणीची मुलगी आता सात वर्षांची आहे. मागच्या वर्षश्राद्धाला तिने नवे प्रश्न विचारले. हृदय बंद पडतं म्हणजे आत नेमकं काय होतं, डॉक्टरांनी काय काय केलं, नाना तेव्हा घाबरले होते का. साडेचार वर्षांची असताना हे प्रश्न तिला पडणंच शक्य नव्हतं. वय वाढतं तसं मूल तेच मरण नव्याने समजून घेतं आणि दहाव्या, पंधराव्या वर्षीही पुन्हा विचारतं. प्रत्येक वेळी ते पहिल्या सकाळच्या वाक्यापासून सुरुवात करतं. नाना गावाला गेले असं तेव्हा सांगितलं असतं, तर आधी ते मागे घ्यावं लागलं असतं, आणि मग मुलीने हेही विचारलं असतं की तेव्हा खोटं का सांगितलंस. या घरात कुणालाच काही मागे घ्यावं लागलं नाही. आईने फक्त पुढचं सांगितलं, अधूनमधून डोळे पुसत, आणि मुलीला त्या डोळ्यांचं कारण विचारावं लागलं नाही.